बुधाच्या कक्षेतील ४३ विकला आणि कधीच न सापडलेला ग्रह

'आइनस्टाइनने न्यूटनला खोटे ठरवले' असे वाक्य आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअॅप गटांत अधूनमधून फिरत असते. त्याखाली बहुधा एखादा छान फोटो असतो, पण कुठे खोटे ठरवले, कशावरून ठरवले आणि किती फरकाने ठरवले, हे नसते. आम्हाला हे वाक्य अर्धवट वाटते. ज्या पुराव्यावर ते उभे आहे, तो पुरावा या वाक्यापेक्षा खूप रंजक आहे. तो पुरावा म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह बुध आणि त्याच्या कक्षेचे अतिशय मंद गतीने फिरणे.

आधी कक्षा समजून घेऊ. बुध सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो. तो सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तेव्हा अंतर सुमारे ४ कोटी ६० लाख किलोमीटर असते आणि सर्वांत दूर जातो तेव्हा सुमारे ७ कोटी किलोमीटर. सर्वांत जवळच्या बिंदूला उपसूर्य बिंदू म्हणतात. सूर्यमालेत फक्त सूर्य आणि बुध हे दोघेच असते, तर न्यूटनच्या नियमाप्रमाणे हा बिंदू कायम एकाच दिशेला राहिला असता. बुधाने दर ८८ दिवसांनी त्याच वाटेने, त्याच बिंदूतून जायला हवे होते.

प्रत्यक्षात तसे होत नाही. प्रत्येक फेरीत उपसूर्य बिंदू किंचित पुढे सरकतो. म्हणजे बुध ज्या लंबवर्तुळावर फिरतो, ते लंबवर्तुळच हळूहळू फिरत असते. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजले तर ते शंभर वर्षांत सुमारे ५७५ विकला फिरते. पंचांगात अंश, कला, विकला असतात, त्यातलीच ही विकला. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. या वेगाने कक्षेला एक पूर्ण वळसा घ्यायला सव्वादोन लाख वर्षे लागतील.

कक्षा फिरते यात कोणाला नवल वाटले नव्हते, कारण सूर्यमालेत इतर ग्रहही आहेत आणि तेही बुधाला ओढतात. शुक्र जवळ आहे म्हणून त्याचा वाटा सर्वांत मोठा, शतकाला सुमारे २७७ विकला. गुरू दूर आहे पण प्रचंड आहे, त्याचा वाटा १५३ च्या आसपास. पृथ्वीचा सुमारे ९०. उरलेल्या ग्रहांचे किरकोळ. हे सगळे न्यूटनच्याच नियमाने मोजता येते आणि बेरीज येते सुमारे ५३२ विकला.

५७५ मधून ५३२ गेले, उरले ४३.

हे ४३ किती लहान आहेत याची कल्पना करण्यासाठी अडीच सेंटिमीटर रुंदीचे एक नाणे घ्या आणि ते १२० मीटर दूर ठेवा. ते नाणे डोळ्याशी जेवढा कोन करते, तेवढा हा फरक आहे. तोही एका वर्षात नव्हे, शंभर वर्षांत साठणारा. (काही पुस्तकांत एकूण आकडा ५६०० विकलांचा दिसतो, त्याने गोंधळू नये. तिथे मोजणी संपात बिंदूपासून केलेली असते आणि संपात बिंदू स्वतःच सरकतो. त्याच्या सरकण्याचे पाच हजारांहून थोडे अधिक वजा केले की आपण पुन्हा ५७५ वर येतो.)

मग प्रश्न असा, की एकोणिसाव्या शतकात, साध्या दुर्बिणी आणि लोलकाच्या घड्याळांच्या काळात, एवढा लहान फरक कोणाच्या लक्षात आला तरी कसा? बुध तर संध्याकाळी नाहीतर पहाटे क्षितिजाजवळ जेमतेम दिसणारा ग्रह.

याचे उत्तर अधिक्रमणात आहे. शतकातून तेरा-चौदा वेळा बुध बरोबर पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधून जातो आणि सूर्याच्या तबकडीवरून एक लहान काळा ठिपका सरकताना दिसतो. १६३१ मध्ये पॅरिसमध्ये पिएर गासेंदी याने ते प्रथम पाहिले. १६५१ मध्ये जेरेमी शेकर्ली नावाच्या इंग्रज निरीक्षकाने ते चक्क आपल्या शेजारच्या सुरतेतून पाहिले होते. अधिक्रमणाचे महत्त्व असे, की इथे कोन मोजावाच लागत नाही, फक्त वेळ नोंदवावी लागते. ठिपका सूर्याच्या कडेला नेमका कधी टेकला आणि कधी बाहेर पडला, एवढेच पाहायचे. बुध सूर्यबिंबावरून ज्या वेगाने सरकताना दिसतो, त्या वेगाने घड्याळातला १ सेकंद म्हणजे आकाशातली सुमारे ०.१ विकला. घड्याळ काही सेकंदांपर्यंत बरोबर असले, तरी बुधाची जागा एका विकलेच्या आत-बाहेर समजते. अशा नोंदी दीडशे वर्षे साठल्या की लहानसा फरकही लपून राहत नाही.

आणखी एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. बुधाची अधिक्रमणे फक्त मे आणि नोव्हेंबर महिन्यांत होतात. नोव्हेंबरच्या वेळी बुध उपसूर्य बिंदूजवळ असतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५९ किलोमीटरपर्यंत जातो. मेच्या वेळी तो दूरच्या टोकाजवळ असतो आणि वेग ३९ किलोमीटरपर्यंत उतरतो. त्यामुळे कक्षेची दिशा चुकीची धरली असेल, तर मे आणि नोव्हेंबरच्या वेळा एकाच प्रकारे चुकत नाहीत. एक दुरुस्त करायला जावे तर दुसरी बिघडते. केवळ घड्याळ चुकले असते, तर असा नमुना दिसला नसता.

हाच नमुना १८५९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ उर्बें ल व्हेरिए याने पकडला. १६९७ ते १८४८ या काळातील अधिक्रमणांच्या नोंदी त्याने गणिताशी पडताळल्या आणि जाहीर केले, की ग्रहांचा सगळा हिशेब धरूनही बुधाचा उपसूर्य बिंदू शतकाला ३८ विकला जास्त सरकतो. पुढे १८८२ मध्ये अमेरिकेच्या सायमन न्यूकमने अधिक नोंदी घेऊन तो आकडा ४३ वर नेला.

ल व्हेरिए हा माणूस कोण होता, हे इथे फार महत्त्वाचे आहे. युरेनसची गती गणिताशी जुळत नव्हती, तेव्हा त्यानेच असे मांडले होते, की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असावा. त्याची जागाही त्याने कागदावर काढली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गाले याने दुर्बीण त्या दिशेला वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. न्यूटनचा नियम सोडला नाही, उलट त्याच्यावर विश्वास ठेवला आणि नवा ग्रह हाती आला.

त्यामुळे बुधाच्या बाबतीतही त्याने तोच मार्ग धरावा, यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. त्याने आधी शुक्राचे वजन वाढवून पाहिले. पण फरक भरून काढायला शुक्र किमान दहा टक्के जड धरावा लागत होता, आणि मग पृथ्वीच्या गतीचा हिशेब बिघडत होता. म्हणून त्याने सुचवले, की बुधाच्याही आत, सूर्याच्या झगमगाटात लपलेला एखादा ग्रह किंवा लहान गोलकांचा समूह असावा.

हे वाचून ऑर्जेर गावातला लेस्कारबो नावाचा एक डॉक्टर पुढे आला. २६ मार्च १८५९ रोजी आपण सूर्यबिंबावरून एक गोल काळा ठिपका जाताना पाहिला, असे त्याने कळवले. ल व्हेरिए स्वतः त्याच्या घरी गेला, ओळख न देता त्याची उलटतपासणी केली आणि त्याची खात्री पटली. नव्या ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळाले, डॉक्टरला फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला. मात्र त्याच दिवशी ब्राझीलमधून सूर्याकडे पाहणाऱ्या एमानुएल लियाय या दुसऱ्या निरीक्षकाने आपल्याला असे काहीच दिसले नाही, असे स्पष्ट सांगितले होते. ते फारसे कोणी ऐकले नाही.

त्यानंतर व्हल्कन पन्नास वर्षे शोधला गेला. त्याच्या अधिक्रमणांची भाकिते झाली आणि ती फुकट गेली. १८७८ च्या खग्रास सूर्यग्रहणात अमेरिकेत दोन नावाजलेल्या निरीक्षकांनी तो दिसल्याचा दावा केला, पण दोघांनी दिलेल्या जागा नीट जुळेनात आणि ते ओळखीचे तारेच असावेत असा आक्षेप आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिक वेधशाळेने ग्रहणांच्या वेळी सूर्याच्या आसपासची छायाचित्रे घेतली. त्यांत बरेच मंद तारे उमटले, पण बुधाला ४३ विकला ढकलू शकेल असे काहीच नव्हते. तोवर ल व्हेरिए जाऊन बरीच वर्षे झाली होती. १८७७ मध्ये, नेपच्यूनच्या शोधाला बरोबर ३१ वर्षे झाली त्या दिवशी, तो वारला.

काहींनी दुसरी बाजू धरली. ग्रह नाही तर नियमच थोडा बदलू. न्यूटनचा नियम म्हणतो, की अंतर दुप्पट झाले की ओढ चौपट कमी होते, म्हणजे अंतराचा घात २ आहे. १८९४ मध्ये एसफ हॉल याने तो घात २ ऐवजी २.००००००१६ धरला, तर बुधाचा हिशेब जुळतो असे दाखवले. जुळतो हे खरे, पण जुळावा म्हणूनच तो आकडा निवडला होता! काही वर्षांत चंद्राच्या गतीचे अधिक बारीक गणित झाले आणि हा घात तिथे बसेना.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी असे आम्हाला वाटते. व्हल्कनचे वजन हवे तसे धरता येत होते, हॉलचा घातही हवा तसा धरता येत होता. अशा मोकळ्या जागा असल्या, की कोणताही फरक भरून निघतो. मग स्पष्टीकरण खरे आहे की फक्त भरणा आहे, हे त्या एका फरकावरून कळतच नाही. ते कळायला दुसरीकडे जावे लागते. व्हल्कन दिसायला हवा होता, तो दिसला नाही. घात चंद्राला लागू पडायला हवा होता, तो पडला नाही.

आता आइनस्टाइनकडे वळू. बुधाचा प्रश्न त्याच्या डोक्यात १९०७ पासून होता, तसे त्याने मित्राला लिहिले होते. १९१३ मध्ये आपल्या अपुऱ्या सिद्धांतावरून त्याने मिशेल बेसो या मित्राबरोबर बुधाचे गणित केले, तेव्हा उत्तर आले १८ विकला. ते त्याने छापले नाही. सिद्धांत आणखी दोन वर्षे घासूनपुसून झाल्यावर नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याने पुन्हा गणित केले आणि १८ नोव्हेंबरला बर्लिनच्या अकादमीसमोर मांडले. या वेळी उत्तर आले ४३.

हे गणित आपणही करून पाहू शकतो. सूत्र एका ओळीचे आहे आणि ते एका फेरीत उपसूर्य बिंदू किती सरकतो ते सांगते:

Δφ = 6πGM / c²a(1 − e²)

यातील GM/c² म्हणजे सूर्याचे वस्तुमान लांबीच्या मापात मांडलेले. ते फक्त १.४७७ किलोमीटर भरते. त्याला ६π ने, म्हणजे १८.८५ ने गुणले की सुमारे २७.८४ किलोमीटर. खालच्या भागात a हे कक्षेचे सरासरी माप, ५ कोटी ७९ लाख किलोमीटर, आणि e हा कक्षेचा चपटेपणा, ०.२०५६. त्यावरून a(1 − e²) येते ५ कोटी ५४ लाख ६० हजार किलोमीटर. २७.८४ ला या संख्येने भागा, आणि उत्तर विकलांत आणण्यासाठी २,०६,२६५ ने गुणा. मिळते ०.१०३५ विकला. ही झाली एक फेरी. शंभर वर्षांत बुध सुमारे ४१५ फेऱ्या घालतो. ०.१०३५ गुणिले ४१५, म्हणजे जवळजवळ ४३.

अंतराच्या भाषेत सांगायचे, तर ३६ कोटी किलोमीटरची एक फेरी झाल्यावर उपसूर्य बिंदू या कारणामुळे जेमतेम २३ किलोमीटर पुढे सरकलेला असतो.

सूत्रात पुन्हा एकदा पाहा. सूर्याचे वस्तुमान, प्रकाशाचा वेग, कक्षेचे माप आणि चपटेपणा, हे सगळे आकडे आधीच दुसऱ्या मार्गांनी मोजलेले होते. हवा तसा फिरवता येईल असा एकही आकडा यात नाही. उत्तर ३० आले असते, तर आइनस्टाइनला काही करता आले नसते. उत्तर जुळल्यावर छातीत धडधड झाल्याचे त्याने पुढे एका सहकाऱ्याला सांगितले होते, ते उगाच नव्हे.

पण कक्षा फिरते कशामुळे? न्यूटनच्या नियमात एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. ग्रह जवळच्या टोकाकडून दूरच्या टोकाला जाऊन पुन्हा जवळ येतो, त्याला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढाच वेळ त्याला सूर्याभोवती ३६० अंश फिरायला लागतो. म्हणून कक्षा बंद होते. घात बरोबर २ असेल तेव्हाच हे जुळते. सापेक्षता सिद्धांतानुसार सूर्याजवळ जागा आणि काळ दोन्ही वाकलेले असतात आणि त्याचा परिणाम असा, की अगदी जवळ गेल्यावर ओढ न्यूटनच्या हिशेबापेक्षा किंचित अधिक भरते. त्यामुळे बुध पुन्हा जवळच्या टोकाला येईपर्यंत ३६० अंशांपेक्षा केसभर जास्त फिरलेला असतो. वाट बंद होत नाही, पुढे सरकते.

शाळेत शिकवताना एक प्रयोग करता येतो. कागदाच्या चकतीवर मधोमध सूर्य धरून लंबवर्तुळ काढा, चकतीतून एक बारीक पाचर कापून टाका आणि कडा जोडून शंकू करा. लंबवर्तुळाची रेघ जोडावर जुळत नाही; ती पुढे ओढत नेली, तर कक्षा फिरताना दिसते. मात्र यात फक्त जागेचा वाक आला, काळाचा आला नाही. म्हणून या शंकूतून किंवा ताणलेल्या रबरी चादरीच्या त्या प्रसिद्ध चित्रातून ४३ हा आकडा निघत नाही. कल्पना येण्यापुरतेच ते वापरावे.

१९१५ नंतरही शंका संपल्या नव्हत्या, आणि एक शंका तर चांगलीच वजनदार होती. सूर्य अगदी गोल नसून मध्याशी थोडा फुगीर असेल, तर त्या फुगवट्यानेही बुधाची कक्षा फिरते, आणि तीही न्यूटनच्याच नियमाने. १९६० च्या दशकात रॉबर्ट डिकी याने मोजमाप करून असा दावा केला, की फुगवटा एवढा आहे की ४३ पैकी तीन-चार विकला त्याच्या वाट्याला जातात. तसे असते, तर आइनस्टाइनचे तंतोतंत जुळणारे उत्तर चुकीचे ठरले असते. हा वाद बरीच वर्षे चालला. पुढे सूर्याच्या पृष्ठभागाच्या कंपनांवरून त्याच्या अंतर्भागाचा अभ्यास झाला तेव्हा फुगवटा फारच लहान निघाला. त्याचा वाटा शतकाला सुमारे ०.०३ विकला, म्हणजे ४३ च्या हजाराव्या भागाहूनही कमी. बुधाभोवती २०११ ते २०१५ या काळात फिरलेल्या मेसेंजर यानाच्या रेडिओ मोजणीतूनही सापेक्षतेचा हिशेब टिकून राहिला.

बुधाला जे लागू, ते इतरांनाही लागू पडायला हवे. शुक्रासाठी सूत्र शतकाला ८.६ विकला सांगते, पृथ्वीसाठी ३.८. तेही मोजणीशी जुळते. सूर्यमालेबाहेर तर हा परिणाम डोळे विस्फारायला लावतो. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांनी शोधलेल्या दोन मृत ताऱ्यांच्या जोडीत कक्षा वर्षाला ४.२ अंश फिरते. बुधाला तेवढे फिरायला या कारणाने ३५ हजार वर्षे लागतील.

राहता राहिले ते व्हॉट्सअॅपवरचे वाक्य. बुधाच्या ५७५ विकलांपैकी ५३२ आजही न्यूटनच्याच नियमाने मोजल्या जातात. त्या वजा केल्याशिवाय आइनस्टाइनच्या ४३ दिसतसुद्धा नाहीत.

बुधाचे पुढचे अधिक्रमण १३ नोव्हेंबर २०३२ रोजी आहे आणि ते भारतातून दिसेल. दुपारी बाराच्या सुमारास सुरू होऊन साडेचारच्या सुमारास संपेल. बुधाचा ठिपका सूर्यबिंबाच्या रुंदीच्या दोनशेव्या भागाएवढा असल्याने दुर्बिणीशिवाय तो दिसत नाही, आणि दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला सौर गाळणी लावल्याशिवाय सूर्याकडे पाहिले तर डोळा कायमचा जातो. सोपा उपाय म्हणजे दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडणे. ठिपका कडेला टेकतो ती वेळ सेकंदासह लिहून ठेवा. ल व्हेरिएच्या हाती होत्या, त्या नोंदी अशाच होत्या.